संचालकांचे प्रयोजन आणि संचालकांचा निर्णय : भाग-वाटपाच्या खटल्यांचा एक मागोवा

१

कंपनी-कायद्याच्या उत्तरपत्रिकांत संचालकांच्या कर्तव्यांवर समस्याप्रश्न आला म्हणजे बहुसंख्य उत्तरे दोन ठराविक वाटांपैकी एका वाटेने जातात. पहिल्या वाटेने जाणारा विद्यार्थी संचालक हा विश्वस्तासारखा असतो एवढे एक वाक्य लिहून प्रश्नातील प्रत्येक अप्रिय कृत्याला विश्वासभंग ठरवितो. दुसऱ्या वाटेने जाणारा विद्यार्थी, धंद्याचे बरेवाईट संचालकांनाच अधिक कळते आणि न्यायालय त्यात हात घालीत नाही, असे सांगून सर्व आक्षेप एका फटक्यात निकालात काढतो. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. अडचण अशी, की ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. संचालकांनी अधिकार कशासाठी वापरला हा एक प्रश्न आहे आणि तो किती शहाणपणाने वापरला हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालय स्वतः देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते सामान्यतः संचालकांवर सोपविते. हा क्रम उलटला, की उत्तर कितीही विस्तृत असले तरी ते चुकीच्या जागी जाऊन पोहोचते.

हा भेद नुसत्या व्याख्यांनी मनावर ठसत नाही. तो ज्या खटल्यांतून घडला त्यांचा क्रम पाहिला म्हणजे तो स्पष्ट होतो. या दृष्टीने नवे भाग काढण्याचा अधिकार हा सर्वांत बोधप्रद विषय आहे; कारण नवे भाग निघाले की कंपनीत पैसा येतो, आणि त्याच वेळी मतांचा तोलही बदलतो. एकाच ठरावाला भांडवल-उभारणीचे रूप असू शकते आणि सत्तापालटाचेही. प्रस्तुत लेखात या अधिकारासंबंधीचे मोजके निवाडे घेऊन, व्यावसायिक निर्णयाचे तत्त्व नेमके कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२

इंग्लंडमधील जुन्या चॅन्सरी न्यायाधीशांसमोर संचालकांचा अधिकार हा दुसऱ्याच्या हितासाठी सोपविलेला अधिकार म्हणून आला. असा अधिकार दस्तऐवजाच्या शब्दांत बसतो एवढ्याने वैध होत नाही. ज्या कार्यासाठी तो दिला, त्याच कार्यासाठी तो वापरला गेला पाहिजे, हा समन्यायाचा जुना नियम होता. १९०३ च्या पंट विरुद्ध सायमन्स या खटल्यात संचालकांनी काही मोजक्या व्यक्तींना भाग दिले होते, ते सभेत विशेष ठराव संमत होण्याइतकी मते जमावीत म्हणून. न्यायमूर्ती बर्न यांनी ते वाटप अमान्य केले. भाग काढण्याचा अधिकार मुख्यतः भांडवल उभारण्यासाठी असतो, सभेतील बहुमत बनविण्यासाठी नव्हे, असे त्यामागचे कारण होते. मात्र भांडवलाव्यतिरिक्त अन्य रास्त कारणासाठीही भाग काढण्याचा प्रसंग येऊ शकतो, ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली. पुढील सारा वाद याच मोकळ्या ठेवलेल्या जागेत झाला आहे.

या निवाड्यात संचालकांना स्वतःची सत्ता टिकवायची होती, त्यामुळे त्यांच्या हेतूवर ठपका ठेवणे सोपे होते. प्रश्न कठीण होतो तो संचालक प्रामाणिक असताना. १९४२ मध्ये स्मिथ आणि फॉसेट या कंपनीच्या प्रकरणात लॉर्ड ग्रीन यांनी जे सूत्र सांगितले, त्यात या कठीण प्रश्नाची दोन्ही अंगे आहेत. कंपनीचे हित कशात आहे हे संचालकांनी सद्भावाने ठरवावयाचे, न्यायालयाने नव्हे, हे त्याचे एक अंग. आणि अधिकार भलत्याच प्रयोजनासाठी वापरता कामा नये, हे दुसरे. विद्यार्थी बहुधा पहिला भाग पाठ करतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. पण दुसऱ्या भागाला स्वतंत्र अर्थ नसता, तर तो सांगण्याचे कारणच नव्हते.

तो अर्थ हॉग विरुद्ध क्रॅम्फर्न या खटल्यात उघड झाला. न्यायमूर्ती बकली यांनी तो १९६३ मध्ये निकालात काढला, आणि काही वर्षांनी तो विधि-अहवालांत छापला गेला. कंपनीचा ताबा घेऊ पाहणारा एक देकार आला होता. तो मान्य झाल्यास कंपनीचे आणि तिच्या कामगारांचे नुकसान होईल, अशी संचालकांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी कामगारांच्या हितासाठी एक न्यास स्थापन केला, न्यासाला ५,७०७ अग्रहक्क-भाग दिले, प्रत्येक भागाला दहा मते जोडली, आणि ते भाग घेण्यासाठी लागणारा पैसाही कंपनीकडूनच न्यासाला कर्जाऊ देवविला. न्यायालयाने त्यांच्या सचोटीवर संशय घेतला नाही. तरीही वाटप सदोष ठरले. कारण भागधारकांना ज्या प्रश्नावर स्वतः निर्णय घेण्याचा हक्क आहे, तो प्रश्न संचालकांनी मतांची संख्या बदलून आधीच निकालात काढला होता. त्याचबरोबर हा दोष सर्वसाधारण सभा दूर करू शकते, असेही न्यायालयाने म्हटले. मात्र त्या सभेत नव्या भागांच्या मतांचा उपयोग होता कामा नये, अशी अट घातली. म्हणजे अंतिम निर्णय जुन्या भागधारकांच्याच हाती परत गेला.

३

आपल्याकडे हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे फार लवकर आला. न्यायालयाच्या स्थापनेनंतर थोड्याच महिन्यांत, मे १९५० मध्ये, नानालाल झवेर विरुद्ध बॉम्बे लाइफ ॲश्युरन्स कंपनी या मुंबईहून आलेल्या अपिलाचा निकाल लागला. सिंघानिया गटाने या विमा-कंपनीचे भाग बाजारातून मोठ्या प्रमाणावर विकत घेतले होते आणि कंपनीचा ताबा त्यांच्याकडे जाईल असा रंग दिसत होता. संचालकांनी शिल्लक राहिलेले भाग काढण्याचे ठरविले आणि ते चालू भागधारकांना त्यांच्या धारणेच्या प्रमाणात देऊ केले. १९१३ च्या अधिनियमात १९३६ साली घातलेल्या कलम १०५-सी मध्ये वाढीव भाग प्रथम चालू भागधारकांना देऊ करण्याचा नियम होता, त्याला अनुसरून हे होते. आक्षेप असा, की भांडवलाची निकड हे नुसते निमित्त असून, खरा हेतू नव्या गटाला दूर ठेवण्याचा आहे.

न्यायालयाने वाटप कायम ठेवले. न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी मांडलेले तत्त्व मुळीच सौम्य नव्हते. संचालक कंपनीच्या संबंधात विश्वासाच्या जागी असतात. केवळ स्वतःच्या लाभासाठी आणि कंपनीच्या अहितास कारण होईल अशा रीतीने त्यांनी भाग काढले, तर न्यायालय हस्तक्षेप करील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु कंपनीला भांडवलाची खरोखर गरज होती, हे पुराव्यावरून प्रस्थापित झाले होते. गरज खरी असताना, आणि भाग त्या गरजेसाठी निघाले असताना, एका गटाला आवर बसावा अशी इच्छाही संचालकांच्या मनात होती, एवढ्यावरून ठराव दूषित होत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या निवाड्याचा एक सोयीस्कर पण चुकीचा अर्थ काढला जातो, तो असा : भांडवलाची गरज दाखविता आली की संचालक सुटले. निवाडा असे म्हणत नाही. दोन गोष्टी त्यात एकत्र होत्या. गरज खरी होती, आणि भाग प्रमाणशीरपणे सर्व चालू भागधारकांना देऊ केले होते. दुसरी गोष्ट नसती तर काय झाले असते, याचे उत्तर चोवीस वर्षांनी दूर ऑस्ट्रेलियातून मिळाले.

४

आर. डब्ल्यू. मिलर (होल्डिंग्ज) ही न्यू साउथ वेल्समधील कंपनी. तिचे सुमारे ५५ टक्के भाग अँपोल पेट्रोलियम आणि बल्कशिप्स या दोन कंपन्यांकडे मिळून होते. १९७२ च्या जून महिन्यात अँपोलने उरलेल्या भागांसाठी प्रत्येकी २.२७ डॉलरचा देकार काढला. हॉवर्ड स्मिथ या दुसऱ्या कंपनीने २.५० डॉलर देण्याची तयारी दर्शविली. साहजिकच संचालकांना आणि इतर भागधारकांना हा दुसरा देकार बरा वाटला. तेव्हा २७ जून रोजी अँपोल आणि बल्कशिप्स यांनी जाहीर केले, की आम्ही दोघे एकत्र वागू आणि आमचे भाग कोणालाही विकणार नाही. ५५ टक्के भाग विक्रीस नाहीत म्हटल्यावर हॉवर्ड स्मिथच्या देकाराला अर्थ उरला नाही, आणि अल्पसंख्य भागधारक बहुमताच्या दयेवर राहिले.

६ जुलै रोजी मिलरच्या संचालकांनी हॉवर्ड स्मिथला ४५ लाख नवे भाग दिले, प्रत्येकी २.३० डॉलरने. एकूण रक्कम १ कोटी ३ लाख ५० हजार डॉलर झाली. येथे थोडे गणित करून पाहावे. मिलरचे आधीचे भाग सुमारे ९० लाख होते. त्यांपैकी ५५ टक्के म्हणजे साडेएकोणपन्नास लाख अँपोल-बल्कशिप्सकडे. नव्या वाटपाने एकूण भाग एक कोटी पस्तीस लाख झाले. साडेएकोणपन्नास लाखांचा हिस्सा आता ३६.६ टक्क्यांच्या आसपास आला. त्यांनी एकही भाग विकला नव्हता; तरी नऊ दिवसांपूर्वी असलेले त्यांचे बहुमत नाहीसे झाले.

संचालकांची बाजू दुबळी नव्हती. मिलर कंपनीला दोन तेलवाहू जहाजांसाठी पैसा लागणार होता, आणि ती गरज कागदोपत्री सिद्ध होती. संचालकांनी वैयक्तिक लाभासाठी हे केले असे न्यायालयाने मानले नाही. अल्पसंख्य भागधारकांना २.५० डॉलरचा भाव मिळावा, ही त्यांची इच्छा खरी होती. तरीही न्यायमूर्ती स्ट्रीट यांनी पुरावा पाहून असा निष्कर्ष काढला, की वाटपाचे मुख्य प्रयोजन बहुमताचा तोल मोडून हॉवर्ड स्मिथचा देकार पुढे चालता करणे हे होते. १९७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने लॉर्ड विल्बरफोर्स यांच्या निवाड्याने तो निष्कर्ष आणि वाटप रद्द करण्याचा हुकूम कायम केला.

विल्बरफोर्स यांच्या निवाड्याचे महत्त्व त्यातील रीतीत आहे. प्रथम, ज्या अधिकाराला आव्हान दिले आहे तो नियमावलीत कसा दिला आहे ते पाहावयाचे. मग त्या अधिकाराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा ठरवावयाच्या. त्यानंतर तो प्रत्यक्ष कोणत्या ठळक प्रयोजनासाठी वापरला गेला हे पुराव्यावरून शोधावयाचे, आणि शेवटी ते प्रयोजन त्या मर्यादांत बसते की नाही हे ठरवावयाचे. व्यावसायिक निर्णयाबद्दलचा आदर त्यांनी सोडलेला नाही. व्यवस्थापनाच्या प्रामाणिक निर्णयावर गुणदोषांच्या आधारे न्यायालयात अपील चालत नाही, आणि न्यायालय हे संचालक मंडळावर देखरेख करणारे दुसरे मंडळ नव्हे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. पण त्या आदराची जागा तिसऱ्या पायरीवर पुराव्याच्या एका घटकाची आहे. भांडवलाची गरज आहे असे संचालक म्हणाले, तर न्यायालय त्यांच्या मताला योग्य ते वजन देते. तथापि त्या गरजेसाठीच ठराव झाला काय, हे मात्र संचालकांच्या शब्दावर सोपविले जात नाही. ते वस्तुस्थितीवरून तपासले जाते.

पुरावा कसा वाचावयाचा हे मिलरच्या प्रकरणात शिकण्यासारखे आहे. जहाजांसाठी पैसा लागणार, हे संचालकांना फार पूर्वीपासून माहीत होते. पण भाग काढण्याची घाई बहुमताची घोषणा झाल्यानंतरच सुरू झाली. भाग एकाच खरेदीदाराला दिले गेले, आणि तो खरेदीदार नेमका स्पर्धक देकारवाला होता. संख्याही अशी होती की तिने बहुमताचे अल्पमतात रूपांतर व्हावे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी पुरेशी नव्हती. सर्व एकत्र आल्यावर मात्र भांडवलाच्या निकडीचे कारण मागे पडले.

आता या निवाड्याशेजारी नानालाल झवेर ठेवून पाहावा. दोन्हींत भांडवलाची खरी गरज होती, दोन्हींत ताब्याचा झगडा होता. परंतु मुंबईच्या प्रकरणात प्रमाणशीर देकारामुळे कोणत्याही चालू भागधारकाचा वाटा त्याच्या इच्छेविरुद्ध घटला नाही. सिडनीच्या प्रकरणात बहुमताचा वाटा त्यांना काही विचारल्याशिवाय घटविला गेला. गरज हा घटक दोन्हींत समान असल्यामुळे निकालातील फरक तिने पडला नाही; तो भाग कोणाला आणि कोणत्या रीतीने दिले यावरून पडला. विद्यार्थ्याने दोन निवाडे परस्परविरोधी म्हणून नोंदविण्याऐवजी हे कारण नोंदविले, तर त्याचे उत्तर पुढे सरकते.

५

संचालक मंडळातील निरनिराळ्या व्यक्तींच्या मनात निरनिराळे हेतू असतात, आणि एकाच व्यक्तीच्या मनातही दोन हेतू असू शकतात. अशा मिश्र प्रयोजनांत कोणते निर्णायक? विल्बरफोर्स यांनी ठळक किंवा मुख्य प्रयोजन पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयातील काही न्यायमूर्तींनी १९८७ च्या व्हाइटहाउस विरुद्ध कार्लटन हॉटेल या खटल्यात निराळी कसोटी सुचविली : अयोग्य प्रयोजन नसते, तर हा ठराव झालाच नसता काय? २०१५ मध्ये जेकेएक्स ऑइल कंपनीच्या प्रकरणात लॉर्ड सम्प्शन यांनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात याच कसोटीकडे कल दर्शविला, पण बहुसंख्य न्यायाधीशांनी त्यावर मत देण्याचे टाळले. म्हणजे हा मुद्दा अजून पुरता मिटलेला नाही. परीक्षेत दोन्ही कसोट्या लावून पाहाव्यात. वस्तुस्थिती स्पष्ट असेल तर दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि निराळे आले तर तो भेदच उत्तराचा गाभा होतो.

व्यावसायिक निर्णयाचे तत्त्व हे नाव अमेरिकेच्या कायद्यातून आलेले आहे, आणि ते उसने घेताना सावध राहिले पाहिजे. डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये युनोकलच्या खटल्यात ताब्याविरुद्ध संचालकांनी केलेल्या बचावाला अगदी वेगळ्या चौकटीत बसविले. संचालकांनी कंपनीच्या धोरणाला धोका आहे असे रास्त कारणाने मानले होते, आणि बचाव त्या धोक्याच्या प्रमाणात होता, हे त्यांनी दाखविले, तर निर्णयाचे संरक्षण मिळते. म्हणजे तेथे ताबा रोखणे हे स्वतःच अयोग्य प्रयोजन ठरत नाही. याउलट ऑस्ट्रेलियाने हे तत्त्व विधिमंडळाच्या शब्दांत आणले, आणि त्याची सीमाही तेथेच आखली. २००१ च्या कॉर्पोरेशन्स अधिनियमाचे कलम १८०(२) हे संरक्षण फक्त काळजी आणि दक्षता यांच्या कर्तव्याला देते. सद्भाव आणि योग्य प्रयोजन यांचे कर्तव्य कलम १८१ मध्ये आहे आणि तेथे हे संरक्षण पोहोचत नाही. या लेखातील मुख्य भेद कायद्याच्या भाषेत यापेक्षा स्वच्छ दाखविता येणार नाही.

भारताच्या २०१३ च्या कंपनी अधिनियमात व्यावसायिक निर्णयाचे वेगळे कलम नाही. कलम १६६ मध्ये सद्भावाने आणि कंपनीच्या सर्व सभासदांच्या हितासाठी वागण्याचे, योग्य काळजी, कौशल्य, दक्षता व स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरण्याचे, हितसंबंधांचा विरोध टाळण्याचे आणि गैरवाजवी लाभ न मिळविण्याचे कर्तव्य वेगवेगळ्या पोटकलमांत सांगितले आहे. काळजीच्या पोटकलमाखाली संचालकाच्या निर्णयबुद्धीला मोकळीक आहे. हितविरोध आणि गैरवाजवी लाभ यांच्या पोटकलमांखाली मात्र निर्णय कितीही विचारपूर्वक घेतला असला, तरी तो विचार हा बचाव होत नाही.

६

या ठिकाणी एक भारतीय मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून इंग्रजी निवाडे जसेच्या तसे लावले की उत्तर फसते. १९५६ च्या अधिनियमाच्या कलम ८१ ने, आणि आता २०१३ च्या कलम ६२ ने, वाढीव भाग प्रथम चालू भागधारकांना प्रमाणशीरपणे देऊ केले पाहिजेत असा सामान्य नियम घातला आहे. परक्याला भाग द्यावयाचे तर विशेष ठराव लागतो. कलम ८१ च्या नियमातून खाजगी कंपन्या वगळलेल्या होत्या. कलम ६२ मध्ये ती सूट नाही. म्हणून मिलरसारखे वाटप आज भारतात थेट केले, तर प्रयोजनापर्यंत जाण्याआधीच ते विशेष ठरावाअभावी कोसळेल. आणि ५५ टक्के मतांचा धनी असा ठराव संमत होऊ देणार नाही.

परंतु यामुळे प्रयोजनाचा प्रश्न संपत नाही, तो फक्त जागा बदलतो. प्रमाणशीर देकारही अशा वेळी आणि अशा रीतीने काढता येतो, की एका भागधारकाला तो घेताच येऊ नये. मग न घेतलेले भाग संचालकांच्या हाती राहतात. नीलगिरीतील नीडल इंडस्ट्रीज या कंपनीचे प्रकरण याच जातीचे. ३२,००० भागांपैकी १८,९९० भाग इंग्लंडमधील गटाच्या ताब्यातील होल्डिंग कंपनीकडे होते. परकी चलन नियमन अधिनियम, १९७३ प्रमाणे परकी हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग होते. १९७७ मध्ये संचालकांनी दोन भागांस एक या प्रमाणात १६,००० हक्कभाग प्रत्येकी १०० रुपयांच्या दर्शनी किमतीला काढले. होल्डिंग कंपनीचा वाटा ९,४९५ भागांचा होता. देकाराचे पत्र तिला बर्मिंगहॅम येथे पोहोचले, ते वाटपाची सभा ज्या दिवशी झाली त्याच दिवशी. सर्व भाग भारतीय भागधारकांकडे गेले आणि होल्डिंग कंपनीचा हिस्सा ४८,००० पैकी १८,९९० म्हणजे ३९.६ टक्क्यांच्या आसपास उतरला.

१९८१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी दिलेल्या निवाड्यात नानालाल झवेरचा आधार घेऊन असे ठरले, की भाग कायद्याची अट पाळण्यासाठी निघाले होते आणि त्यातून संचालकांना ओघाने झालेल्या लाभामुळे ठराव अवैध होत नाही. दडपणुकीचा आरोप सिद्ध झाला नाही. तथापि एका बाजूला झालेला लाभ तसाच राहू द्यावा असे न्यायालयाला वाटले नाही. भागांची खरी किंमत १९० रुपये होती, म्हणजे प्रत्येक भागामागे ९० रुपयांचा फरक होता. ९,४९५ भागांवर तो ८,५४,५५० रुपये होतो; एवढी रक्कम भारतीय भागधारकांनी होल्डिंग कंपनीला द्यावी, असा आदेश झाला. वाटप वैध, पण लाभ न्याय्य नव्हे, असे हे दुहेरी उत्तर आहे, आणि उपायांच्या भागात विद्यार्थी ते क्वचितच लिहितात.

७

आता एक समस्या सोडवून पाहू. एका खाजगी कंपनीचे १,००० भाग आहेत. ‘अ’कडे ५५०, संचालक ‘ब’ आणि ‘क’ यांच्याकडे मिळून ३००, आणि इतरांकडे १५०. ‘अ’ने संचालक बदलण्यासाठी सभा बोलाविण्याची मागणी केली. चार दिवसांनी ‘ब’ आणि ‘क’ यांनी यंत्रखरेदीसाठी दोन भागांस एक या प्रमाणात ५०० हक्कभाग १०० रुपये दराने काढण्याचा ठराव केला. भागाची खरी किंमत १८० रुपये होती. ‘अ’ला त्याच्या २७५ भागांचे पत्र मुदत संपल्यावर मिळाले. ‘ब’ आणि ‘क’ यांनी आपल्या वाट्याचे १५० आणि ‘अ’चे २७५ भाग स्वतः घेतले; इतरांनी आपले ७५ घेतले.

प्रथम आकडे मांडावेत. एकूण १,५०० भागांपैकी ‘अ’कडे ५५० म्हणजे ३६.६७ टक्के राहिले, ‘ब’ व ‘क’ यांच्याकडे ७२५ म्हणजे ४८.३३ टक्के आले, इतरांकडे २२५ म्हणजे १५ टक्के. अधिकार कलम ६२ खाली आहे, पण देकार भागधारकापर्यंत मुदतीत पोहोचणे ही त्याची अट आहे. ती पाळली गेली नाही हे पहिले उत्तर, आणि वैधतेवरील आघात येथेच सुरू होतो. विद्यार्थ्याने मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण परीक्षक बहुधा पत्र वेळेवर पोहोचल्याचा पर्यायही विचारतो.

त्या पर्यायात प्रयोजन तपासावे लागते. यंत्र घ्यावे की नाही, कोणते घ्यावे, कर्ज काढावे की भाग, हे व्यावसायिक निर्णयाचे प्रश्न आहेत आणि त्यांत न्यायालय संचालकांचे मत मान्य करील. पण यंत्राचा विचार मागणीपूर्वी कधी झाला होता काय? त्याची किंमत ५०,००० रुपयांच्या जवळपास होती, की आकडा मतांच्या हिशेबाने ठरला? १८० रुपयांचा भाग १०० ला काढून कंपनीने जो पैसा सोडला, त्याचे काय कारण? या प्रश्नांत यंत्राच्या योग्यायोग्यतेचा विचार कोठेही नाही. ठरावाचे खरे कारण ओळखण्याच्या या खुणा आहेत. मंडळाच्या जुन्या कार्यवृत्तात यंत्राची नोंद नसेल, तर मागणीनंतरची चार दिवसांची घाई निर्णायक ठरेल. उलट, आठ महिन्यांपूर्वी यंत्राचा ठराव झाला होता, बँकेने कर्ज नाकारले होते, आणि ‘अ’ला पत्र वेळेवर मिळूनही त्याने भाग घेतले नाहीत, अशी हकीकत असेल, तर नानालाल झवेरची वाट उघडते, संचालकांच्या मनात ‘अ’ला आवर घालण्याची इच्छा असली तरीही.

‘ब’ आणि ‘क’ यांनी ‘अ’चे भाग स्वतःच घेतले, यामुळे कलम १६६ मधील हितविरोध आणि गैरवाजवी लाभ यांचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहतो, आणि तेथे त्यांच्या सचोटीचा पुरावा उपयोगी पडत नाही. उपायाच्या बाबतीत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे कलम २४१ व २४२ खाली अर्ज करून वाटप रद्द करून मागणे ही मुख्य मागणी. ती मान्य न झाल्यास नीडलच्या धर्तीवर २७५ भागांवर ८० रुपयांप्रमाणे २२,००० रुपयांची पर्यायी मागणी करता येते. मात्र नीडलमध्ये परकी चलन कायद्याचा दाब होता, तसा येथे नाही. म्हणून तो निवाडा संचालकांच्या मदतीला तेवढ्या प्रमाणात येणार नाही, हेही नमूद करावे. आणि सर्वसाधारण सभेने वाटप कायम केले असा बचाव आला, तर त्या सभेत नव्या भागांची मते मोजली होती काय, हा हॉग विरुद्ध क्रॅम्फर्नचा प्रश्न विचारावा.

मिलरच्या अल्पसंख्य भागधारकांना २.५० डॉलरचा भाव मिळावा असे संचालकांना वाटत होते, आणि ते वाटणे चुकीचे होते असे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. तो भाव घ्यावयाचा की नाकारावयाचा हा निर्णय भागधारकांचा होता, आणि संचालकांना दिलेला भाग काढण्याचा अधिकार तो निर्णय काढून घेण्यासाठी दिलेला नव्हता, एवढेच न्यायालयाने सांगितले. संचालकांच्या निर्णयाला न्यायालय जो मान देते, तोही याच कारणाने देते : कंपनीच्या घटनेने ते काम त्यांच्याकडे सोपविले आहे. जे काम सोपविलेलेच नाही, त्याला तो मान लागू होत नाही.